टेम्पर्ड ग्लास बसवल्यानंतर अंगठ्याने लॉक न उघडण्याच्या तक्रारीला दुकानमालकाचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा): "बर्डीवरच्या या दुकानात महिनाभरापूर्वी नव्या फोनला टेम्पर्ड ग्लास लावून घेतली. तेव्हापासून अंगठा पाच-सहा वेळा टेकवल्याशिवाय लॉक उघडत नाही. दोनदा ठसा नव्याने नोंदवला, तरी तेच. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, फोनच खराब आहे."

महोदय,

काउंटरवर आपल्याला जे सांगितले गेले ते चुकीचे होते, त्याबद्दल दिलगीर आहे. बिलावरील मॉडेल पाहिले. त्यात पडद्याखालचा सेन्सर अल्ट्रासॉनिक आहे, म्हणजे तो ध्वनिलहरी सोडून बोटावरच्या रेषा ओळखतो. आपल्याला लावलेल्या काचेला गोंद फक्त कडांना असतो आणि मधल्या भागात काच व पडदा यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो. या लहरी हवेतून नीट पार होत नाहीत. अंगठा जोरात दाबल्यावर काच क्षणभर पडद्याला टेकते, म्हणून सहाव्या प्रयत्नाला कधीतरी लॉक उघडत असावे. अशा काचेवरून ठसा कितीही वेळा नोंदवला तरी उपयोग होत नाही, कारण सेन्सरपर्यंत रेषा पोहोचतच नाहीत.

उलट, मध्ये काही असताना नोंदवलेल्या ठशाचा एक धोकाही आहे. 2019 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस 10 वर काही सिलिकॉन कव्हर लावल्यावर फोनने कव्हरवरचीच नक्षी ठसा समजून नोंदवली होती आणि मग कोणाच्याही बोटाने लॉक उघडत होते. कंपनीला त्यासाठी सॉफ्टवेअर अपडेट द्यावे लागले. म्हणून आज घरातल्या दुसऱ्या कोणाचा अंगठा टेकवून पाहावा. लॉक उघडले, तर सर्व ठसे लगेच पुसून तूर्त पिन वापरावा.

आपण दुकानात आलात की ती काच काढून पडद्याला पूर्ण चिकटणारी पातळ फिल्म विनामूल्य लावून देऊ. यूव्ही गोंदाची काचही चालते, परंतु तो पातळ गोंद कधीकधी स्पीकरच्या जाळीत उतरतो, त्यामुळे मी स्वतः ती सुचवत नाही. काच काढल्यावर, फिल्म लावण्यापूर्वी, एक चाचणी आपल्यासमोरच करू: उघड्या पडद्यावर नव्याने नोंदवलेला ठसा दहापैकी नऊ वेळा चालला, तर दोष काचेचा, तेव्हाही चालला नाही, तर मात्र फोन सर्व्हिस सेंटरला दाखवावा लागेल.

फिल्म लावल्यावर आधीचे सर्व ठसे पुसणे आवश्यक आहे, कारण ते निराळ्या थरातून घेतलेले असतात. नंतर अंगठा कोरडा व स्वच्छ ठेवून, फोन रोज जसा हातात धरता तसाच धरून नोंद करावी. टेबलावर ठेवून केलेल्या नोंदीत अंगठ्याचा कोन वेगळा येतो. मधल्या भागाबरोबर अंगठ्याच्या कडा आणि टोकही टेकवावे. तोच अंगठा दुसऱ्या ठशाच्या जागी पुन्हा नोंदवल्यास फरक जाणवतो, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्वचा भेगाळलेली असेल तर विशेष. फोन बंद करून चालू केल्यावर तो एकदा पिन मागतोच. तो बिघाड नव्हे.

काचेचे पैसेही परत मिळतील. बिल सोबत आणावे.

दुकानमालक, सीताबर्डी, नागपूर