व्ह्यूजच्या यादीत नसलेलं गिऱ्हाईक : तासगावच्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, व्हॉट्सॲप स्टेटसवरच्या डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं की कुणी बघितलं ते कळतं, असं तुम्ही लिहिलंय. साफ खोटं. मी बेदाण्याचा व्हिडिओ ठेवला, सांगलीचं गिऱ्हाईक फोनवर म्हणतं 'काल बघितला', आणि यादीत त्याचं नाव नाही. स्टेटस चोवीस तास राहतं म्हणता, तेही तसंच. दुसऱ्या दिवशी दुपारी लोकांना अर्धाच व्हिडिओ दिसत होता. अनुभव न घेता लिहू नका.»

दादा, तुमचं गिऱ्हाईक खोटं बोलत नाही आणि यादीही खोटी नाही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसची यादी दोन्ही बाजूंच्या सेटिंगवर चालते. Settings मध्ये Privacy, आणि त्यात Read receipts हे बटण असतं. ते गिऱ्हाइकाने बंद ठेवलं असेल, तर तो तुमचा व्हिडिओ चार वेळा बघो, त्याचं नाव तुमच्याकडे येणार नाही. तुम्ही स्वतः बंद केलंत, तर तुम्हाला कुणाचंच नाव दिसणार नाही. तुमच्याकडे बाकीच्यांची नावं आली, म्हणजे तुमचं बटण चालू आहे आणि अडचण समोरच्याच्या फोनमध्ये आहे.

खात्री करायची तर त्या गिऱ्हाइकाला वैयक्तिक मेसेज टाका. त्याचं उत्तर आलं, तरी तुमच्या मेसेजच्या दोन टिका राखाडीच राहिल्या, निळ्या झाल्या नाहीत, तर त्याने ते बटण बंद केलेलं आहे हे जवळपास पक्कं समजा. टिका निळ्या झाल्या आणि नाव तरीही यादीत नाही, तर त्याने तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या फोनवर बघितला असेल. बाजारात हे सर्रास होतं. एक जण उघडतो आणि शेजारच्या चौघांना दाखवतो, यादीत मात्र एकच नाव येतं.

म्हणून मी व्यापार करणाऱ्यांना नेहमी सांगते, यादीत नाव आहे म्हणजे त्याच्या फोनवर व्हिडिओ उघडला गेला, एवढं खरं. तो शेवटपर्यंत बघितला का, हे यादी सांगत नाही. आणि नाव नाही म्हणजे बघितला नाही, असा अर्थ कधीच काढू नका. त्यावरून गिऱ्हाइकावर रुसणं तर मुळीच नको.

आता अर्ध्या व्हिडिओचं. तुम्ही तो एका दमात ठेवला नसणार, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. समजा, रविवारी सकाळी ११.४० ला तुम्ही हिरव्या बेदाण्याचे बॉक्स उघडून दाखवले आणि भाव सांगणारा दुसरा तुकडा दुपारी ४.१५ ला टाकला. प्रत्येक तुकड्याचे चोवीस तास त्याच्या त्याच्या वेळेपासून मोजले जातात. त्यामुळे सोमवारी ११.४० ला माल गेला आणि भाव ४.१५ पर्यंत राहिला. सोमवारी दुपारी एक वाजता ज्याने उघडलं, त्याला फक्त भाव ऐकू आला, माल दिसलाच नाही. पुढच्या वेळी दोन्ही तुकडे लागोपाठ टाका, किंवा आधी एकत्र जोडून घ्या. व्हिडिओ लांबला तर ॲप तो कापायला लावतं, तेव्हा भाव सुरुवातीलाच बोला.

आणखी एक गोष्ट, जी व्यापाऱ्यांना फार महागात पडते. तुकडा गेला की त्याची यादीही जाते. सोमवारी संध्याकाळी 'काल कुणी कुणी बघितलं' हे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. मुदत संपायच्या आत, म्हणजे तुमच्या उदाहरणात सकाळी अकराच्या सुमाराला, स्टेटस उघडून खालून वर सरकवा. नावं आणि वेळा दिसतील, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. सगळ्यांना फोन लावण्यापेक्षा आधी त्या नावांना लावा.

आणि ज्यांना दिसतच नाही, त्यांचं काय? नेहमीच्या सेटिंगमध्ये स्टेटस पोहोचायला नंबर दोन्हीकडे सेव्ह लागतो. मिरजेच्या एखाद्या दुकानदाराचा नंबर तुमच्याकडे आहे, पण त्याने तुमचा नाव घालून ठेवलेला नाही, तर तुमचा माल त्याच्यासमोर येणारच नाही. त्याच्या फोनवर तुमच्या चॅटच्या वर नावाऐवजी नुसते आकडे दिसत असतील, तर कारण तेच. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या मेसेजमध्येच नंबर सेव्ह करायला सांगा.

कुणी वाचलं याचा भरवसा हवा असेल, तर भावाचा मेसेज तुमच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाका. ग्रुपमध्ये Read receipts चं बटण चालत नाही, तिथे वाचल्याची नोंद होतेच. मेसेज दाबून धरून Info उघडलं की कुणी वाचलं त्यांची नावं दिसतात, आणि ती चोवीस तासांनी पुसलीही जात नाहीत. माल दाखवायला स्टेटस ठेवा, भाव ग्रुपवर द्या.