खुलासा: पावसाआधी हौद नुसते रिकामे नकोत, घासायलाही हवेत

“उन्हाळ्यात हौद-टायर सुकले की डास संपतात. पावसात धुराची फवारणी केली की झालं.”

ग्रामपंचायतीने यावर विसंबू नये. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला अंडी चिकटवते. ती कोरड्यातही काही महिने तग धरतात. मृगाचं पाणी चढलं की अळी, मग कोष, आणि साधारण 8-10 दिवसांत डास. धुराने फक्त उडते डास मरतात. अंडी-अळ्या तशाच राहतात.

म्हणून सार्वजनिक हौद आत्ताच रिकामे करून आतली कड काथ्याने खरवडून घासावी, टायर छपराखाली न्यावेत. टंचाईमुळे घरोघरी टँकरचं पाणी ड्रममध्ये साठतं. ते ड्रमही आठवड्यातून एकदा घासून झाकायला सांगावं.