बाहेर सहा जण बसलेत, तुम्हालाच का घ्यावं?

घणसोलीला उतरून, शेअर रिक्षात फाइल छातीशी धरून तुम्ही महापे एमआयडीसीत पोहोचलात. तासभर बाहेरच्या सोफ्यावर बसलात. मग आत बोलावणं आलं. अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा. दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं आणि अचानक साहेबांनी पेन खाली ठेवलं, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "बाहेर सहा जण बसलेत. तुम्हालाच का घ्यावं?"

घाबरू नका. मी बरीच वर्षं याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून उमेदवारांच्या नावापुढे खुणा करतोय. माझं ऐकलंत तर पाच मिनिटांत मोकळे व्हाल.

प्रश्न सहा जणांबद्दल आहे ना? मग त्यांच्याबद्दलच बोला. निळ्या शर्टवाला रील्स बघत होता, दुसऱ्याच्या शर्टाला इस्त्री नव्हती, हे तुम्ही तासभर डोळ्यांनी पाहिलंय. सहाही जणांचे बायोडेटा साहेबांपुढे आहेत आणि तुम्ही एकही वाचलेला नाही, एवढा किरकोळ फरक सोडा.

मग विशेषणं काढा. मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर, लवकर शिकणारा. सकाळपासून साहेबांनी ही यादी चारदा ऐकलीय, पण गणपतीची आरतीही आपण रोज तीच म्हणतो. तरीही चेहरा हलला नाही, तर कळव्याच्या घराचं भाडं आणि धाकट्या बहिणीचं लग्न काढा. हिशेबनीस निवडताना साहेब नेमकं तेच बघतात.

गेल्या वेळी एका मुलीनं या सगळ्यावर पाणी फिरवलं. प्रश्न ऐकला आणि दोन-तीन सेकंद गप्प बसली. (तुम्ही असं करू नका. प्रश्न संपायच्या आत सुरू व्हा.) मग म्हणाली, "बाहेरच्यांना मी ओळखत नाही, सर. त्यांच्यापेक्षा चांगली आहे की नाही, ते तुम्हीच ठरवाल. पण तुमच्या जाहिरातीत पहिलीच ओळ खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या टू-बी यादीशी जुळवण्याची आहे. ते काम मी दोन वर्षं करतेय, महिन्याला साधारण ३०० बिलं."

इथं थांबावं की नाही? नाही. "टू-बी १४ तारखेला येतं. एखाद्या पुरवठादाराचं बिल त्यात नाही हे तेव्हा कळून उपयोग नसतो. त्या बिलावरच्या कराचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं आणि २० तारखेला तेवढी रक्कम खिशातून भरावी लागते. म्हणून मी ७ तारखेलाच पोर्टलवर न दिसणाऱ्या बिलांची यादी काढते आणि फोन लावते, कारण महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना ११ पर्यंत वेळ असतो. आधी २०-२५ बिलं अडकायची, आता चार-पाच."

साहेबांनी खास ठेवणीतलं काढलं. "हे तर कुणीही करेल."

तुमच्या जागी मी असतो तर इथं आवाज चढवला असता, नाहीतर "हो सर, तेही खरंच" म्हणून मान खाली घातली असती. दोन्हीला मी एकच खूण करतो. ही म्हणाली, "करेलही, सर. मला शिकवावं लागणार नाही, एवढंच." वर न विचारता सांगून टाकलं की निर्यातीच्या रिफंडचं काम तिनं केलेलं नाही. जाहिरातीत ते शेवटच्या ओळीत होतं. सगळं मिळून एक मिनिट झालं असेल.

मग साहेब काहीच बोलले नाहीत. नुसते बघत राहिले. हा त्यांचा जुना डाव आहे. याच शांततेत लोक आधीच्या मॅनेजरची गाऱ्हाणी सांगतात, पगार स्वतःहून कमी करतात, एकानं तर "रविवारीही येईन" म्हणून टाकलं होतं. तुम्ही ही पोकळी जरूर भरा. ती मुलगी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेवटी साहेबांनाच विचारावं लागलं, "तीन महिन्यांनी रिटर्न भरणारे पुरवठादार असले तर?" "ते १३ पर्यंत पोर्टलवरच्या आयएफएफ सोयीत बिल टाकू शकतात, सर. त्यांची यादी मी वेगळी ठेवते."

तुम्ही माझ्या पद्धतीनं गेलात तर संध्याकाळच्या ठाणे लोकलमध्ये आरामात सांगता येईल, की सेटिंग आधीच झालं होतं. कधीकधी ते खरंही असतं. साहेबांच्या भाच्याच्या वेळी मीच खूण केली होती, तेव्हा कुणाच्याही टू-बीचा उपयोग झाला नसता.

ती मुलगी १ तारखेपासून येतेय. तिचं टेबल माझ्या शेजारी लावलंय. ७ तारखेपासून सारखे फोन चालू असतात आणि दुपारची माझी जी थोडी डुलकी व्हायची, तीही गेली.