एका स्लाइडवर एक आंबा

आमचे एक काका देवगडला आंब्याचा व्यवसाय करतात. यंदा त्यांनी पेट्या विकायला इन्स्टाग्रामचा रस्ता धरला आणि कॅरोसेलचा, म्हणजे एकामागून एक सरकवायच्या स्लाइडच्या पोस्टचा, ड्राफ्ट करून माझ्याकडे पाठवला. ‘जरा बघून घे, फक्त रंग-बिंग’ असा सोबत निरोप. मी ड्राफ्ट उघडला आणि रंगांचा विषय तिथेच संपला.

पाच स्लाइड होत्या. तिसरीवरचा मजकूर असा : ‘आंबे गवताच्या अढीत एका थरात ठेवावेत, रोज तपासून डागी फळ बाजूला काढावे, साल किंचित सुरकुतली की आंबा तयार समजावा, पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नये कारण मग तो नीट पिकत नाही, आम्ही कार्बाइड वापरत नाही, तसेच २०१८ साली कोकणच्या हापूसला जीआय मानांकन मिळाले आहे.’ १०८० बाय १३५० च्या चौकटीत एवढं बसवायला काकांनी अक्षर चोवीसवर आणलं होतं. मोबाइलवर ती चौकट तळहाताएवढी होते. त्यात हे अक्षर म्हणजे औषधाच्या बाटलीवरची बारीक सूचना. सोबत कोपऱ्यात आंब्याचा फोटो, फोटोवर फोन नंबर.

“काका, एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेवू या,” मी म्हटलं.

“एकच आहे की. आंबा.”

मग मी त्यांना परीक्षा सांगितली. स्लाइडवरचं सगळं झाकणारा एक मथळा लिहायचा, पण त्यात ‘आणि’ आला की स्लाइड फोडायची. काकांनी लिहिला : ‘आंबा पिकवणे, ओळखणे, जपणे व विश्वास’. ‘व’ चालतो का, हेही विचारलं.

आता फोडायचं म्हणजे प्रत्येक स्वल्पविरामावर सुरी चालवायची, असं काकांनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी नवा ड्राफ्ट आला. एका स्लाइडवर ‘पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नये’, पुढच्या स्लाइडवर नुसतंच ‘कारण मग तो नीट पिकत नाही’. कोण, काय, कशात, सगळं मागे राहिलेलं. सूचना आणि तिचं कारण हा एकच मुद्दा असतो. तो तोडला की पहिली स्लाइड हुकूम वाटते आणि दुसरी तक्रार. शिवाय पहिली स्लाइड न सरकवता पुढे गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम कधीकधी तीच पोस्ट दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. म्हणजे निदान दुसरी स्लाइड तरी एकटीने उभी राहायला हवी. ‘कारण’पासून सुरू होणारी स्लाइड कुठेच उभी राहत नाही.

म्हणून आधी मुखपृष्ठ धरलं. काकांचं होतं ‘देवगड हापूस : ओळख, पिकवणे, साठवण, फायदे’. त्याऐवजी लिहिलं : ‘हिरव्या आंब्यांची पेटी घरी आली. आता?’ हा प्रश्न ठरल्याबरोबर तिसऱ्या स्लाइडमधली माणसं आपोआप वेगळी झाली. अढी, डागी फळ, सुरकुतलेली साल, फ्रिज या चौघांनी प्रश्नाचं उत्तर दिलं. चौघांना चार स्लाइड, क्रम दिवसांप्रमाणे : आधी अढी, मग रोजची तपासणी, मग साल. फ्रिज कारणासकट शेवटी. अक्षर साठवर गेलं. कार्बाइड आणि जीआय यांचा या प्रश्नाशी संबंधच नव्हता. ती ‘तुमच्याकडूनच का घ्यावा’ या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं.

“म्हणजे काढून टाकलंस?” काकांचा आवाज खाली आला. जीआयचा उल्लेख काढणं म्हणजे त्यांच्या लेखी घराण्याचं नाव खोडणं. मी सांगितलं, त्याचं वेगळं कॅरोसेल करू. इन्स्टाग्रामवर आता वीस स्लाइड चालतात, हे मात्र मी मुद्दामच सांगितलं नाही.

तपासायला काकूंना बसवलं. चष्म्याविना, मोबाइल हातभर लांब, स्लाइड दाखवायची आणि लगेच झाकायची. “काय कळलं?” अढीवर त्या म्हणाल्या, “एकावर एक रचायचे नाहीत.” फ्रिजवर म्हणाल्या, “कच्चा आत ठेवू नको.” सालीच्या स्लाइडवर मात्र म्हणाल्या, “सुरकुती पडली की खा... आणि ते खाली काय साक्याचं लिहिलंय?” साका म्हणजे आंब्याचा गर आतून बिघडणं. त्यावर काकांनी रात्रीत गुपचूप एक ओळ घातली होती : ‘साका बाहेरून दिसत नाही, तक्रार मान्य नाही.’ ती काढली. काकांनी “बरं” म्हटलं, पण आवाजात अढी होती.

शेवटच्या स्लाइडसाठी त्यांना सेव्ह, शेअर, फॉलो, फोन आणि ‘कुठल्या गावचे, कॉमेंटमध्ये सांगा’ असं सगळं हवं होतं. तिथेही तीच परीक्षा. बरीच ओढाताण होऊन उरलं ते एवढंच : ‘पेटीसाठी मेसेज करा.’ दर बाजाराप्रमाणे बदलतात म्हणून ते कॅप्शनच्या पहिल्या ओळीत लिहिले. ती ओळ नंतर दुरुस्त करता येते, स्लाइडचं चित्र नाही.

पोस्ट गेली. पहिली कॉमेंट आली : ‘दर काय?’ काकांनी तिचा फोटो काढून मला पाठवला, वर लिहिलं : ‘तरी म्हणत होतो.’ त्यानंतर सात स्लाइडचा नवा ड्राफ्ट आला. प्रत्येक स्लाइडवर एकच मुद्दा होता, आणि खाली दर.