तासाला एक सेंटीमीटर, हे कुणी सांगितलं?

"भरती होताच 'पिशवीचं तोंड दोनच सेंटीमीटर उघडलंय' म्हणून घाबरवतात. तासाला एक सेंटीमीटर उघडलं नाही की सिझर. कळांचं इंजेक्शन घेतलं की सिझर ठरलेलंच, म्हणून इंजेक्शन घेऊ नका, कुठेही सही करू नका. प्रत्येक गरोदर बाईच्या घरी पाठवा."

हा मेसेज भाचीच्या सासूबाईंनी मला दवाखान्याच्या जिन्यात दाखवला. रात्रीचे साडेअकरा झाले होते. पोरीचं पहिलंच बाळंतपण, दिवस पूर्ण भरलेले, नऊ वाजता घरीच पाणी गेलं म्हणून मानेवाड्याहून ऑटोनं आणलं होतं. कळा नव्हत्या. आणि विहीणबाई डॉक्टरांना सांगून आल्या होत्या, "इंजेक्शन नाही द्यायचं." नागपुरात बावीस वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते मी. असा राग मला क्वचितच आला असेल.

त्या रात्री खरा धोका इंजेक्शनचा नव्हताच, थांबून राहण्याचा होता. पाणी गेलं म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटली. आता खालून जंतू वर जाऊ शकतात, आणि जितके तास जास्त, तितकी आईला आणि बाळाला संसर्गाची भीती जास्त. म्हणून कळा आपोआप आल्या नाहीत तर त्या आणतात. सलाईनमधून औषध अगदी थोड्या थेंबांनी सुरू करतात, अंदाजे अर्ध्या तासानं वाढवतात आणि १० मिनिटांत ३-४ चांगल्या कळा येऊ लागल्या की तिथेच थांबतात. पाचाच्या वर गेल्या किंवा बाळाचे ठोके बिघडले तर सलाईन बंद. ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. घरच्यांनी विचारायचं तर हे विचारावं: कळा किती, ठोके किती?

'इंजेक्शन घेतलं की सिझर' या वाक्याला आधार नाही. अमेरिकेत २०१८ साली सहा हजारांहून जास्त पहिलटकरणींवर अभ्यास झाला. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांमध्ये सिझर साधारण १९ टक्के, वाट पाहिलेल्यांमध्ये २२. हो, आधीचं सिझर असेल तर तोंड मऊ करायच्या गोळ्यांना नाही म्हणणं बरोबरच आहे, गर्भपिशवी फाटायची भीती असते. पण मेसेजमध्ये ते कुठे लिहिलंय?

आता त्या सेंटीमीटरचं. घोटाळा तर इथेच सुरू होतो, कारण सिस्टर 'दोन बोटं' म्हणते आणि डॉक्टर 'तीन सेंटीमीटर'. नातेवाइकांना वाटतं दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय. एक बोट म्हणजे अंदाजे दीड सेंटीमीटर, एवढंच. शिवाय आधी तोंड आखडून पातळ होतं, मग उघडतं. उंच गळ्याचा स्वेटर डोक्यातून घालताना गळा आधी आखूड होतो आणि मग ताणतो, तसं. पहिल्या खेपेला ह्या पातळ होण्यातच कित्येक तास जातात, आणि आकडा मात्र दोनवरच असतो. पुढे पाच म्हणजे हातातल्या बांगडीच्या आतलं तोंड, दहा म्हणजे आमटीची मोठी वाटी.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली स्पष्ट लिहिलंय की वेगाच्या कळांचा टप्पा ५ सेंटीमीटरपासून धरायचा, त्याआधी किती वेळ लागावा याला ठरावीक मर्यादा नाही. ५ नंतरही पहिल्या बाळंतपणात १२ तासांपर्यंत लागू शकतात. तासाला एक सेंटीमीटर ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि केवळ ती पुरी झाली नाही म्हणून सिझर करू नये.

भाचीचंच सांगते. पहाटे सहाला सलाईन लागलं. दहाला तीन सेंटीमीटर, दुपारी दोनला पाच. पाच वाजता तपासलं तर सहा. तीन तासांत एक! विहीणबाईंनी पुन्हा मोबाईल काढला. ठोके १४० होते, कळा चांगल्या होत्या, बाळाचं डोकं खाली सरकत होतं. तिथे सिझरचं काही कारण नव्हतं आणि डॉक्टरांनी तसं म्हटलंही नाही. साडेआठला पूर्ण उघडलं, नऊ वीसला मुलगी झाली.

एक गोष्ट मान्य करावी लागते, मन नसतानाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरची होती, सरकारीत १४.३. अडचणीच्या केसेस इकडच्या तिकडे जातात हे धरूनही हे अंतर मोठं आहे, लोकांचा संशय हवेतून आलेला नाही. म्हणून सिझर सांगितलं की कारण विचारा. ठोके पडून पुन्हा सावरत नाहीत, नाळ आधी बाहेर आली, चांगल्या कळा असूनही तासन्‌तास तोंड पुढे सरकत नाही, अशी कारणं खरी असतात. 'अजून दोनच सेंटीमीटर' हे कारण नाही.

आणि सही. सज्ञान बाईची संमती तिची स्वतःचीच असते, सासूची किंवा नवऱ्याची नव्हे. भरतीच्या वेळी, कळा सुरू व्हायच्या आत, तिला कागद वाचून दाखवा. नाळ खाली आलेली असताना जिन्यात सहीवरून वाद घालत बसलेलं कुटुंब मी पाहिलंय. त्या दिवशी टेबलावर न्यायला अकरा मिनिटं उशीर झाला.