बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, पण रिटर्न आहे

"आता १२ लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त! त्यामुळे १२ लाखांच्या आतल्या कोणालाही रिटर्न भरायची गरज नाही. टीडीएस कापला असेल तर तो आपोआप खात्यात जमा होतो. शेअर, एफडी सगळं यातच आलं. दुकानदारांनी फक्त विक्रीच्या ६ टक्के नफा धरायचा, हिशेब ठेवायची गरज नाही, विषय संपला. सीए आणि एजंट लोक उगाच घाबरवतात. जास्तीत जास्त शेअर करा."

घाबरवणाऱ्या एजंट लोकांत माझा नंबर लागतो म्हणायला हरकत नाही. मी बी.कॉम. आहे, सीए नाही, आणि सीझनमध्ये एका कर सल्लागारांच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करते. हा मेसेज घेऊन माणसं टेबलासमोर येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. सगळं २०२५-२६ या आर्थिक वर्षाबद्दल आणि नव्या करप्रणालीबद्दल आहे.

सगळा गोंधळ १२ लाख आणि ४ लाख या दोन आकड्यांतला आहे. नव्या प्रणालीत करमुक्त मर्यादा ४ लाखांची आहे. त्यापुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के आणि १२ लाखांपर्यंत १० टक्के कर लागतो. म्हणजे १२ लाखांवर आधी २० हजार आणि ४० हजार असा ६० हजारांचा कर निघतो, आणि मग कलम ८७अ खाली तेवढीच सूट मिळून तो शून्यावर येतो. आधी कर बसतो, मग माफ होतो. आणि रिटर्न भरायचं की नाही हे ठरतं ते या माफीच्या आधीच्या उत्पन्नावर. ते ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न बंधनकारक, मग शेवटी देणं शून्य का निघेना. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे दुसरं काही उत्पन्न नसेल तर त्याच्यासाठी ही रेषा पावणेपाच लाखांच्या पगाराशी येते.

त्याच्या आतल्यांना खरंच भरावं लागत नाही, हेही सांगते. मात्र काही गोष्टी झाल्या असतील तर उत्पन्न कमी असूनही भरावं लागतं. वर्षभरात विजेचं बिल १ लाखाच्या वर गेलं, परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च झाला, बचत खात्यांत ५० लाख किंवा जास्त जमा झाले, टीडीएस-टीसीएस मिळून २५ हजार किंवा जास्त झाला (ज्येष्ठांना ५० हजार), धंद्याची विक्री ६० लाखांच्या वर गेली, अशा त्या गोष्टी आहेत. विजेचं बिल ऐकून लोक हसतात. पण घराला लागून पिठाची गिरणी आणि मीटर एकाच नावावर असलं की बिल कुठे जातं ते बघा.

आता टीडीएस "आपोआप" येण्याबद्दल. सरकारला परतावा कोणाला द्यायचा आणि किती, हे कळतं तेच मुळी रिटर्नमधून. एक उदाहरण घेऊ. खासगी शाळेतल्या एका बाईंचा वर्षाचा पगार ५ लाख ४० हजार. वडिलांनी दिलेले पैसे एफडीत आहेत, त्याचं व्याज ७० हजार आलं. बँकेने त्यावर १० टक्के, म्हणजे ७ हजार टीडीएस कापला. पगारातून ७५ हजार वजा, व्याज मिळवलं, उत्पन्न झालं ५ लाख ३५ हजार. ४ लाखांच्या वरच्या १ लाख ३५ हजारांवर ५ टक्क्यांनी ६,७५० कर बसतो आणि सुटीत माफ होतो. म्हणजे कापलेले ७ हजार पूर्ण परत मिळायला हवेत.

बाईंनी ३१ जुलैच्या आत रिटर्न भरलं तर ७ हजार मिळतील. ऑगस्ट ते डिसेंबर यात भरलं तर उत्पन्न ५ लाखांच्या वर असल्याने ५ हजार विलंब शुल्क बसेल, हातात २ हजार राहतील. हे शुल्क कर शून्य असला तरी लागतं, ते लोकांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर तेच शुल्क १ हजार. आणि ३१ डिसेंबरही उलटला तर? त्यानंतर अद्ययावत रिटर्न भरता येतं, पण ते कर भरण्यासाठी आहे. परतावा मागण्यासाठी ते चालत नाही. मग उरतो तो विलंब माफीचा अर्ज, आणि ७ हजारांसाठी त्या फेऱ्यात कोण पडणार?

परतावा अडकतो तो बहुतेकदा बँक खात्यामुळेही. पोर्टलवर खातं आधी प्रमाणित केलेलं असावं लागतं. बँकेतलं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नसेल, किंवा बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदललेला असेल, तर रिटर्न मंजूर होऊनही पैसे येत नाहीत.

"शेअर, एफडी सगळं यातच" यातलं अर्धं खरं आहे. एफडीचं व्याज १२ लाखांच्या सुटीत येतं. शेअरचा नफा येत नाही. एका कंपनीतल्या सुपरवायझरचं गणित पाहू. पगार ९ लाख ६० हजार, वजावटीनंतर ८ लाख ८५ हजार. मोबाइलवरच्या ॲपमधून शेअर घेतले, वर्षाच्या आत विकले, नफा ४० हजार. एकूण उत्पन्न सव्वानऊ लाख, म्हणजे १२ लाखांच्या कितीतरी आत. पगारावरचा २८,५०० चा कर सुटीत गेला. पण वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के हा वेगळा दर आहे आणि त्याला ही सूट नाही. ४० हजारांवर ८ हजार, वर ४ टक्के उपकर ३२० रुपये. ८,३२० रुपये भरायचेच.

शिवाय फॉर्म बदलतो. पगारदार माणूस सवयीने आयटीआर-१ उघडतो, त्यात हा नफा दाखवायला जागाच नाही. वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरचा सव्वा लाखापर्यंतचा नफा तिथे चालतो, अल्प मुदतीचा अजिबात नाही. त्यासाठी आयटीआर-२. जागा नाही म्हणून लोक तो नफा सोडून देतात आणि रिटर्न "यशस्वी" झालं म्हणून खूश होतात. पण पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडून पाहा. शेअरची विक्री, एफडीचं व्याज, लाभांश, जीएसटीतली विक्री हे सगळं तिथे तुमच्या पॅनखाली आलेलं असतं. आयकर खात्याकडे जे आहे ते तुम्हालाही दिसतं, मग भरण्याआधी बघायला काय हरकत आहे? फक्त तिथला विक्रीचा आकडा नफा समजू नका. नफ्याचा हिशेब ब्रोकरच्या विवरणातून घ्यायचा.

दुकानदारांबद्दल जरा थांबून लिहिते, कारण त्यांचं नुकसान जास्त होतं. कलम ४४एडी खाली २ कोटींपर्यंत विक्री असलेल्या छोट्या व्यापाऱ्याला अंदाजे नफा धरायची मुभा आहे, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ३ कोटी होते. पण ६ टक्के सरसकट नाहीत. बँकेतून, यूपीआयने, चेकने आलेल्या विक्रीवर ६, रोखीवर ८. उधारीचे पैसे रिटर्नच्या मुदतीपर्यंत खात्यात आले तर तेही ६ मध्ये धरता येतात.

बाजारपेठेतलं एक किराणा दुकान घ्या. वर्षाची विक्री ७२ लाख, त्यात यूपीआय आणि बँकेची ४५ लाख, रोख २७ लाख. ४५ लाखांचे ६ टक्के २ लाख ७० हजार, २७ लाखांचे ८ टक्के २ लाख १६ हजार. मिळून ४ लाख ८६ हजार. रिटर्न बंधनकारक आहे, एक तर उत्पन्न ४ लाखांच्या वर म्हणून, आणि विक्री ६० लाखांच्या वर म्हणूनही. कर शून्य.

इथवर मेसेजवाला म्हणेल, मग झालं की. पण कायद्यातले ६ आणि ८ टक्के हे किमान आहेत. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. समजा या दुकानदाराला सगळा खर्च जाऊन ७ लाख २० हजार सुटले. ते दाखवले तर कर १६ हजार बसतो आणि सुटीत पूर्ण जातो, म्हणजे देणं पुन्हा शून्यच. पूर्वी नफा कमी दाखवायला निदान कर वाचवण्याचं कारण होतं. आता १२ लाखांच्या आत तेही उरलेलं नाही, आणि तरी सवयीने ६ टक्केच दाखवले जातात. पुढे दुकान वाढवायला कर्ज मागायला गेलं की बँक तीन वर्षांची रिटर्न मागते, आणि कागदावर महिन्याला ४० हजारांचा धंदा दिसतो. घरखर्च, मुलाची फी आणि गाडीचा हप्ता मिळून त्याहून जास्त होतात, तो प्रश्न वेगळाच.

"हिशेब ठेवायची गरज नाही" याचा अर्थ वह्या आणि ऑडिटच्या बंधनातून सुटका, एवढाच. आयटीआर-४ मध्ये ३१ मार्चला येणं किती, देणं किती, शिल्लक माल किती, हातात रोख किती, हे चार आकडे भरावेच लागतात. हे सांगितल्यावर समोरचा माणूस फोन काढून दुकानात पोराला विचारतो, "माल किती असेल रे अंदाजे?" पुढच्या वर्षीही तोच प्रश्न. आणि आकडे एकमेकांशी जुळले नाहीत की विचारणा होते. जीएसटी असेल तर तिथली विक्री आणि इथली विक्री आधी जुळवून घ्या. दुकानाचा क्यूआर कोड घरच्या बचत खात्याला जोडला असेल तर मेहुण्याने परत केलेले हातउसने आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच यादीत येतात. ते वेगळे काढायला वर्षभराचं स्टेटमेंट घेऊन बसावं लागतं.

आणखी दोन अडचणी. रिचार्ज, विमा, बिल भरणा यांचं कमिशन ४४एडीत बसत नाही, ते वेगळं दाखवावं लागतं आणि मग फॉर्म आयटीआर-३ कडे जातो. आणि एकदा ४४एडी धरलं की पुढच्या पाच वर्षांत मध्येच "यंदा तोटा झाला" म्हणून या ६-८ टक्क्यांहून कमी नफा दाखवला, तर त्यानंतरची पाच वर्षं ही सोय बंद होते. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही मागे लागतात.

स्वतः भरणार असाल तर जरूर भरा, साध्या पगाराच्या रिटर्नला कोणाची गरज लागत नाही. फक्त सबमिट केल्यावर थांबू नका. पोर्टलवर Pending for e-Verification असं दिसत असेल तर रिटर्न अजून भरलेलं नाही. पडताळणीला ३० दिवस मिळतात. त्यानंतर केली तर पडताळणीचा दिवस हाच भरण्याचा दिवस धरला जातो, मग जुलैत भरलेल्या रिटर्नलाही विलंब शुल्क लागू शकतं. ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर येतो, तेव्हा तो नंबर चालू आहे का हे आधी बघून घ्या.