भाडं तोंडाने मागावं लागतं, गोष्ट तिथेच असते

आज एका कार्यक्रमात एक विद्वान गृहस्थ माइकवरून म्हणाले की खेळात गोष्ट नसतेच, मुलं नुसते फासे टाकतात नाहीतर बटणं दाबतात, गोष्ट हवी असेल तर पुस्तक उघडा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चिपळूणहून घरी येईपर्यंत एसटीत बसून हेच डोक्यात घोळवत होते आणि आता जेवायच्या आधी लिहून टाकते, नाहीतर घास उतरायचा नाही.

पुस्तकं मलाही आवडतात, तुम्हा सगळ्यांना माहितीये. पण गोष्ट म्हणजे कुणीतरी सांगायची आणि आपण ऐकायची, एवढंच का? खेळात कुणी सांगत नाही. खेळ तुम्हाला काही गोष्टी करायला लावतो, काही करू देत नाही, आणि त्यातून जे होतं ती गोष्ट.

आमच्या गुहागरच्या घरी गणपतीत सगळे चाकरमानी आले की पाऊस आणि गेलेली लाइट हे ठरलेलंच. माजघरात बॅटरी टांगून आम्ही भावंडं व्यापार खेळायचो. एकदा एक भिडू कमी पडला म्हणून आजीला बसवलं. तिला वाचता येत होतं, हिशोब तर आमच्यापेक्षा पक्का. दादाने मुंबई घेतलेली, त्यावर हॉटेल. आजीची सोंगटी बरोबर तिथे आली. सगळे गप्प. दादा कार्डाकडे बघतोय, आजीच्या पुढ्यातल्या नोटांकडे बघतोय, शेवटी म्हणाला, "आजी, राहू दे." आजी म्हणाली, "राहू दे कसं? घेतलंस ना गाव? मग माग. तोंडाने माग." आणि दादाला खरंच मागावं लागलं. मान खाली घालून आकडा बोलला. आजीने एकेक नोट सपाट करून त्याच्या हातात दिली आणि ती खेळातून बाद झाली.

आता मला सांगा, ह्यात गोष्ट नाही?

आपला व्यापार ज्यावरून आला त्या मोनोपॉलीच्या नियमांत हे लिहिलेलंच आहे. तुमच्या जागेवर कुणी आलं तर भाडं आपोआप मिळत नाही, मालकाने मागायचं असतं, आणि पुढचे फासे पडून गेले आणि तुम्ही मागितलं नाही तर ते भाडं गेलं. बहुतेक घरांत हा नियम कुणी वाचलेला नसतो पण खेळतात तसंच, कारण पटावर दुसरं कुणी वसुली करणारं नसतंच. समोर बसलेल्या माणसाकडे बघून आकडा बोलावा लागतो. समोर आजी असली तरी.

आणि आकडे बघा. मूळ अमेरिकन पटावर एक फेरी पूर्ण केली की बँक २०० डॉलर देते. पहिल्या फेरीलाही २०० आणि खेळ संपत आला तरी २००. त्याच पटावरच्या सगळ्यात महागड्या जागेचं भाडं मोकळी असताना ५०, एक घर बांधलं की २००, दोनला ६००, तिसऱ्याला १४००, आणि हॉटेल झालं की २०००. म्हणजे सुरुवातीला फेरीच्या पगारात चार वेळा भाडं भरता येतं, आणि शेवटी दहा फेऱ्यांचा पगार एका मुक्कामात जातो. कुठे एक वाक्य लिहिलेलं नाही की बाबांनो, पगार जागच्या जागी राहतो आणि भाडं वाढत जातं. लिहायची गरजच नाही, तुमच्या हातातल्या नोटा कमी होताना तुम्हाला ते कळतं.

हे चुकून झालेलं नाहीये, ह्याचाच मला राग येतो की हे कुणी सांगत नाही. मोनोपॉली ज्यावरून आली त्या 'द लँडलॉर्ड्स गेम' ह्या खेळाचं पेटंट एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईने १९०४ मध्ये घेतलं. तिचं म्हणणं होतं की जमीन अडवून बसणारा काही न करता श्रीमंत होतो आणि बाकीचे खंगतात, आणि हे भाषणाने कळत नाही, खेळून कळतं. तिने पुढे त्याच खेळाला नियमांचे दोन संच दिले. एकात जमिनी गोळा करून बाकीच्यांना बुडवायचं. दुसऱ्यात भाडं सार्वजनिक तिजोरीत जायचं, आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे होते त्याचे दुप्पट झाले की सगळेच जिंकले. पट एकच. नियम बदलला की गोष्ट उलटी. १९३५ मध्ये त्या खेळाचं तिचं नंतरचं पेटंट ५०० डॉलरला विकलं गेलं आणि जगभर पसरला तो फक्त पहिला संच.

त्या रात्री बाद झाल्यावर आजी उठून गेली नाही. तिथेच बसून म्हणाली, तिच्या लहानपणी खोताचा माणूस खळ्यावर यायचा, समोर भात मोजून घ्यायचा, अर्धेल म्हणजे अर्धं भात त्याचं. "पण त्याला पण उभं राहून सांगावं लागायचं, एवढं माझं. आणि माझा बाप त्याच्याकडे बघत राहायचा. म्हणून तुला माग म्हटलं." अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून काही वर्षं खोतांच्या जमिनी कसल्याच नाहीत, बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, आणि कायदा झाला १९४९ मध्ये. हे मी शाळेत पाठ केलं होतं. समजलं मात्र व्यापाराच्या पटावर, दादाच्या चेहऱ्याकडे बघताना. कोकणातल्या माणसाला मॅगीचा खेळ समजावून सांगायला लागू नये खरं तर.

आता व्हिडिओ गेम. 'पेपर्स, प्लीज' नावाचा गेम आहे, लुकस पोप ह्या एकट्या माणसाने बनवलेला, २०१३ चा. अर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, तुम्ही सीमेवरच्या नाक्यावर बसलेले कारकून. लोक येतात, पासपोर्ट, परवाना तपासायचा, हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. बरोबर तपासलेल्या दर माणसामागे ५ मिळतात, संध्याकाळी सहाला खिडकी बंद. मग एक पडदा येतो, त्यावर घरभाडं, जेवण, उब, आणि खाली घरातल्यांची यादी. बायको, मुलगा, सासू, काका. त्यांचे चेहरेसुद्धा तिथे दिसत नाहीत, नुसतं नावापुढे लिहून येतं की ठीक आहे, भुकेला आहे, आजारी आहे. पैसे कमी पडले तर आज जेवण की उब ते तुम्ही ठरवायचं.

आणि चुकीचा शिक्का मारला की माणूस जाताच छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर येते, तुम्ही चुकलात. दिवसातल्या पहिल्या दोन चिठ्ठ्या नुसती ताकीद. तिसरीपासून दंड. एवढाच नियम, बघायला गेलं तर ऑफिसचा कंटाळवाणा नियम. पण सुरुवातीच्याच एका दिवशी एक नवरा येतो, कागद बरोबर. जाताना सांगतो, माझ्या मागे बायको आहे, तिच्याशी चांगलं वागा. बायको येते आणि तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. आता तुम्ही काय बघता? तिचा चेहरा नाही बघत. आज किती चिठ्ठ्या आल्यात ते बघता. एक आली असेल तर तिला सोडलं तरी दंड नाही. दोन येऊन गेल्या असतील तर तिला सोडायचे पैसे लागतात, आणि ते मुलाच्या ताटातले असतात. दया करायला रोज दोन चिठ्ठ्यांचा कोटा, आणि तो कोटा घाईगडबडीतल्या चुकांवर आधीच संपलेला असू शकतो. माझा भाचा खेळत होता, बारावीतला, एरवी तोंडातून शब्द निघत नाही. तो त्या बाईवर पाच मिनिटं थांबला, घड्याळ पळत होतं तरी. मग लाल शिक्का मारला आणि लॅपटॉप बंद करून बाहेर गेला. सांगा त्या गृहस्थांना की तो नुसती बटणं दाबत होता.

ठीक आहे, त्या नवऱ्याचं वाक्य कुणीतरी लिहिलेलंच आहे, मान्य. पण ते वाक्य तुम्हाला लागतं ते त्या चिठ्ठ्यांच्या नियमामुळे.

पटावरचा खेळ आणि व्हिडिओ गेम ह्यांत मला खरा फरक दिसतो तो असा. कॉम्प्युटर विसरत नाही आणि त्याला लाज वाटत नाही. चिठ्ठी येणार म्हणजे येणार, तुम्ही कुणाला 'राहू दे' म्हणू शकत नाही आणि तुम्हालाही कुणी म्हणत नाही. म्हणून व्हिडिओ गेमला यंत्रणेची गोष्ट फार चांगली जमते, जिथे समोर माणूसच नसतो, नुसता नियम असतो. पटावर नियम चालवणारे आपणच, त्यामुळे प्रत्येक वेळी तो मोडायची मुभा असते आणि तरी तो पाळला तर ते आपण केलेलं असतं. आमचा तो डाव मोबाइलवर झाला असता तर आजीचे पैसे टिंग वाजून दादाच्या खात्यात गेले असते. त्याला मागावं लागलं नसतं, आजीला 'माग' म्हणावं लागलं नसतं, आणि खोताचा माणूस तिच्या तोंडून कधी निघालाच नसता. आकडे सगळे तेच, गोष्ट मात्र गायब.

हां, नियम सांगतो ते ऐकू येतंच असं नाही. मॅगीला वाटलं होतं लोकांना जमीनदारीची चीड येईल, आणि लोकांना जमीनदार व्हायलाच मजा आली. हे मला खुपतं पण खरंय. आणि मोनोपॉली लांबते, शेवटचा एक तास रटाळ होतो, तेही खरं.

पण गोष्ट नियमात आहे की चित्रात हे तपासायचं असेल तर सोपं आहे. अमेरिकेतल्या रस्त्यांच्या जागी मुंबई-दिल्ली छापली, गोष्टीला काही झालं नाही. उलट कितीतरी घरांत दंडाचे पैसे बँकेत न भरता पटाच्या मधे ठेवतात आणि पार्किंगवर येणाऱ्याला सगळे देतात. मूळ नियमात पार्किंगवर काहीच मिळत नाही. एवढंसं बदललं की बुडणारा माणूस अचानक लॉटरी लागून वर येतो, डाव लांबतो, आणि पगार-भाड्याची सगळी गोष्ट जाऊन नशिबाची गोष्ट होते. चित्र तेच, पट तोच. तुमच्या घरी हा नियम असेल तर एकदा काढून खेळा आणि बघा.

ह्या गणपतीत मी दुसरा संच खेळायचा ठरवलंय. मॅगीचा शब्दशः नाही, घरगुती. जागेचं भाडं मालकाला नाही, मधल्या पातेल्यात. घर-हॉटेलचं भाडं मालकाचं, कारण ते त्याने बांधलंय. सगळ्यात गरीब भिडूचे पैसे दुप्पट झाले की डाव संपला. अडलंय एकाच ठिकाणी, पातेल्यातले पैसे कधी वाटायचे? दर फेरीला सगळ्यांना सारखे दिले तर पगारच वाढवल्यासारखं होतं, आणि कुणी अडल्यावरच द्यायचे तर त्याने तोंडाने मागायचे का? दादा म्हणतो मागायला लावायचं नाही, आपोआप द्यायचे. मला अजून ठरवता येत नाहीये. तुमच्यापैकी कुणी असं खेळून बघितलं असेल तर सांगा, आणि सुट्टीत गुहागरला येणार असाल तर या, दोन भिडू कमी आहेत.